63 ते 207: काट्याच्या वादातला एक अंतराल

चिकोडी तालुक्यातल्या आमच्या भागात गाळप हंगाम सुरू झाला की दोन वाद ठरलेले. एक तोडणीच्या पाळीचा आणि दुसरा काट्याचा. पाळीचा वाद भांडून मिटतो. काट्याचा मिटत नाही, कारण ट्रॉली एकदा गव्हाणीत रिकामी झाली की पुरावाही तिच्याबरोबर चरकात जातो. मागे राहते ती पावती, तीही कन्नडमध्ये. ‘ओट्टु तूक’ म्हणजे एकूण वजन. ‘निव्वळ तूक’ म्हणजे काय हे मात्र आमच्याकडच्या मराठी रयतालाही कुणी समजावून सांगावं लागत नाही.

दोन हंगामांपूर्वी गावातल्या एका शेतकरी गटानं ठरवलं की नुसतं बोलत बसण्यापेक्षा मोजून बघू. कारखान्याच्या वाटेवर एक खाजगी वजनकाटा आहे. तिथं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली तोलायची, ऊस टाकून परतताना तीच रिकामी तोलायची आणि निव्वळ वजन काढायचं. मग कारखान्याच्या पावतीवरचं निव्वळ वजन त्यातून वजा करायचं. एका खेपेत साधारण पंधरा टन ऊस असतो. अशा 16 खेपा झाल्या. मी निपाणीकडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून हिशेबाचा कागद माझ्याकडे आला. गाव आणि कारखाना सांगत नाही. वाद त्यांच्यावरचा नव्हताच, वाद झाला तो मी काढून दिलेल्या दोन आकड्यांवर.

बाहेरच्या काट्यापेक्षा कारखान्याच्या काट्यावर किती किलो कमी भरलं, ते खेपेगणिक असं होतं (उणे म्हणजे कारखान्यानंच जास्त दाखवलं):

```
250  -40  180  310   60  140   20  220
-110  90  270  130    0  400  160   80
```

बेरीज 2160, सरासरी 135 किलो. पण खेपा एकसारख्या नाहीत. एकीत 400 ची तूट, तर एकीत 110 ची वाढ. हे विखुरलेपण मोजणारं प्रमाण विचलन आलं 135.4 किलो. ते सरासरीच्या इतकं जवळ आलं हा निव्वळ योगायोग. आता 16 खेपांच्या सरासरीत किती डगमग असेल ते काढायला विचलनाला 16 च्या वर्गमुळानं, म्हणजे 4 नं भागायचं. ती झाली प्रमाण त्रुटी, जवळपास 34 किलो. नमुना लहान असल्यानं 1.96 ऐवजी टी-कोष्टकातला, 15 स्वातंत्र्यमात्रांचा 2.131 हा गुणक घ्यायचा.

```
135 ± 2.131 × 135.4 / √16  =  135 ± 72
```

म्हणजे 63 ते 207 किलो. कागदावर मी लिहिलं: ‘सरासरी तूट 135 किलो, 95 टक्के विश्वास अंतराल 63 ते 207.’ आणि खाली सही केली. एवढ्यावर थांबलो, ही माझी चूक. इतकी वर्षं वर्गात शिकवूनही ‘95 टक्के’ हे शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होऊन बसतात, याचा विचार त्या दिवशी केला नाही.

तात्यांची ट्रॉली

बैठक मारुतीच्या देवळात भरली. कागद वाचून झाल्याबरोबर तात्या उठले. चारशे किलोची तूट आलेली खेप त्यांची होती.

“सर, तुमीच लिवलंय की, पंच्याण्णव टक्के तूट त्रेसष्ट ते दोनशे सातमधी असती. मग माजी चारशे कशी? म्हंजे माजी पंच्याण्णव टक्के चोरीच की ओ!”

देवळात एकदम गलका झाला. ज्यांची तूट 207 च्या वर होती ते सगळे तात्यांच्या बाजूला सरकले. उणे 110 वाला मात्र खांबाआड गप्प बसून होता.

मी त्यांना कागद उलटा करून मागचे 16 आकडे परत बघायला लावले. यातल्या किती खेपा 63 ते 207 मध्ये येतात ते मोजा म्हटलं. तात्यांच्या मुलानं बोटांवर मोजलं: 180, 140, 90, 130, 160, 80. सहा. सोळातल्या सहा खेपा आत आणि दहा बाहेर. कागदानं ‘95 टक्के खेपा यात’ असं सांगितलं असतं, तर ज्या आकड्यांतून तो निघाला त्याच आकड्यांनी त्याला खोटं पाडलं असतं.

हा अंतराल खेपांचा नाहीच. तो खेपांच्या खऱ्या सरासरीचा अंदाज आहे, म्हणजे त्या हंगामात गटाच्या सगळ्याच खेपा अशा दोन्हीकडे तोलल्या असत्या तर जी सरासरी तूट निघाली असती तिचा. सोळाच्या जागी 1600 खेपा मोजल्या असत्या आणि विखुरलेपण तेच राहिलं असतं, तर वर्गमुळाखाली 1600 येऊन 72 च्या जागी सातेक किलो आले असते. अंतराल 128 ते 142 सारखा चिंचोळा झाला असता आणि जवळजवळ सगळ्याच खेपा त्याच्या बाहेर पडल्या असत्या. तरी कुणाची ट्रॉली बदलली नसती. नमुना वाढवला की सरासरीबद्दलचं अज्ञान आटतं, खेपाखेपांतला फरक आहे तेवढाच राहतो.

पुढची एकटी खेप कुठं पडेल असा प्रश्न असेल तर त्याचं गणित वेगळं आहे. त्यात एका खेपेचं सगळं विखुरलेपण धरावं लागतं आणि वर सरासरीतली डगमगही:

```
135 ± 2.131 × 135.4 × √(1 + 1/16)  =  135 ± 297
```

उणे 162 ते 432. याला पूर्वानुमान अंतराल म्हणतात. खेपांची विभागणी बरीचशी घंटाकृती आहे असं धरून ते काढतात, म्हणून विश्वास अंतरालापेक्षा ते जास्त नाजूक. पण तात्यांचा प्रश्न होता तो या अंतरालाचा. त्यांची 400 ची खेप यात बसते. म्हणजे ती तूट खरी आहे, मोठी आहे, पण या गटाच्या खेपांमध्ये ती जगावेगळी नाही. तात्यांना हे पटलं असं म्हणणार नाही. ते बसले एवढंच.

हिशेबनीसांचा प्रश्न

दुसरी चूक अधिक बारीक होती आणि ती केली गटाच्या हिशेबनीसांनी. बँकेत नोकरी केलेला, आकड्यांना सरावलेला माणूस. ते म्हणाले, “सर, एका ट्रॉलीचं सोडा, ते समजलं. पण सरासरी तरी पंच्याण्णव टक्के शक्यतेनं त्रेसष्ट ते दोनशे सातमध्ये आहे, बरोबर? कारखान्याला तसंच पत्र लिहितो.”

असं लिहू नका म्हटल्यावर ते चमकले. चूक त्यांची एकट्याची नाही. बरीच शिकलेली माणसं हेच वाक्य लिहितात, आणि ‘विश्वास’ हा शब्दच त्यांना तिकडं ढकलतो. ही कल्पना ज्यानं मांडली तो जर्झी नेमन 1937 च्या आपल्या लेखात स्वतःच हा प्रश्न विचारतो: एका विशिष्ट नमुन्यावरून अंतराल काढून झाला, आता खरी किंमत त्यात असण्याची शक्यता अमुक आहे असं म्हणता येईल का? त्याचं उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. कारण खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा आहे, आपल्याला माहीत नसलेला पण न हलणारा. नमुना निघाल्यावर 63 आणि 207 हेही ठरून गेले. आता हलणारं काहीच उरलं नाही. सरासरी एक तर आत आहे किंवा बाहेर.

मग 95 कशाचे? हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून पुढच्या रविवारी गावच्या दूध संस्थेचं एक जुनं रजिस्टर मागून आणलं. सकाळच्या संकलनाच्या 300 नोंदी, प्रत्येक नोंद लिटरमध्ये. सगळ्यांची खरी सरासरी मी आधीच काढून एका पाकिटात बंद केली. नोंदींच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. कॉलेजात जाणारी पोरं-पोरी आणि गटातले काही जण असे वीस जण जमले. प्रत्येकानं 16 चिठ्ठ्या काढायच्या, आकडे लिहून घ्यायचे, चिठ्ठ्या परत डब्यात टाकायच्या आणि मोबाइलवर आपापला 95 टक्के अंतराल काढायचा. वीस जणांचे वीस अंतराल आले. कुणाचा रुंद, कुणाचा अरुंद, कुणाचा डावीकडं सरकलेला, कुणाचा उजवीकडं. पाकीट फोडलं तेव्हा अठरा जणांच्या अंतरालात खरी सरासरी होती, दोघांच्या नव्हती.

वीसात एकच चुकायला हवा होता, असा आक्षेप लगेच आला. दीर्घकाळात वीसात सरासरीनं एक चुकतो, दर वीसात मोजून एक नाही. अजिबात न चुकण्याची शक्यता 0.95 चा विसावा घात, म्हणजे 36 टक्के. दोन चुकणं काही अपूर्वाईचं नव्हे.

चुकलेल्या दोघांत बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी होती. ती हिरमुसली. “सर, माजं गणित कुटं चुकलं?” तिचं गणित तपासलं, दशांश चिन्हापर्यंत बरोबर. तिची पद्धत तीच, चिठ्ठ्यांचा डबाही तोच. तिच्या वाट्याला जास्त दुभत्या घरांच्या चिठ्ठ्या आल्या, एवढंच. पाकीट फुटायच्या आधी तिचा कागद आणि शेजारणीचा कागद यांत काही फरक नव्हता. दोन्हींवर ‘95 टक्के’ असं लिहिलेलं. ते 95 त्या डब्याचे आणि पद्धतीचे होते, कुणाच्या हातातल्या कागदाचे नव्हते.

हिशेबनीस हार मानणारे नव्हते. “बरं, पद्धत शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर. आपला कागद त्या शंभरातला एक. मग तो बरोबर असायची शक्यता पंच्याण्णव, असं म्हणायला हरकत काय?”

हा खरा कळीचा प्रश्न. ऐकायला बिनतोड वाटतो आणि पाकीट बंद असेपर्यंत खोडताही येत नाही. म्हणून मी त्यांना एका काल्पनिक काट्याची गोष्ट सांगितली. संख्याशास्त्रात हे उदाहरण वेगवेगळ्या वेषात सांगतात, इथं त्याला आमचा वेष घातला आहे.

दहा किलोनं चुकणारा काटा

समजा एक विचित्र काटा आहे. तो खरं वजन कधीच दाखवत नाही. नाणं उडवल्यासारखा, निम्म्या वेळा बरोबर 10 किलो जास्त दाखवतो आणि निम्म्या वेळा बरोबर 10 किलो कमी. हे सगळ्यांना ठाऊक आहे. रिकामा ट्रॅक्टर त्यावर दोनदा तोलायचा आणि खरं वजन सांगायचं.

नियम असा करू. दोन आकडे वेगळे आले तर त्यांच्या मधला सांगायचा. दोन्ही सारखे आले तर त्यातून 10 वजा करून सांगायचा. हा नियम किती वेळा बरोबर येईल? चारच शक्यता आहेत: जास्त-जास्त, जास्त-कमी, कमी-जास्त, कमी-कमी. मधल्या दोन्हींत मधला आकडा म्हणजेच खरं वजन. जास्त-जास्त आलं असेल तर 10 वजा केल्यावर खरं वजन मिळतं. कमी-कमी आलं असेल तेवढं चुकतं. चारात तीन. पद्धत 75 टक्के विश्वासाची. कसलीही फसवाफसवी नाही, आयुष्यभर हा नियम वापराल तर शंभरात पंचाहत्तर वेळा बरोबर याल.

आता एका दिवशी आकडे आले 3,420 आणि 3,440. नियम सांगतो 3,430. हे बरोबर असायची शक्यता 75 टक्के का? नाही. आकडे वेगळे आले म्हणजे एक जास्तीचा आणि एक कमीचा, दुसरं काही असूच शकत नाही. खरं वजन 3,430, शंभर टक्के.

दुसऱ्या दिवशी आले 3,420 आणि 3,420. नियम सांगतो 3,410. आता? दोन्ही जास्तीचे असतील तर 3,410 खरं, दोन्ही कमीचे असतील तर 3,430 खरं. दुसरी काही माहिती नसेल तर फासा निम्मानिम्म. पन्नास टक्के.

पद्धत पंचाहत्तरची, पण हातात पडणारा निकाल एक तर शंभराचा नाही तर पन्नासचा. पंचाहत्तरचा एकही निकाल तिच्यातून कधी निघत नाही. 75 हा आकडा खोटा नाही, तो निम्मे शंभरवाले आणि निम्मे पन्नासवाले दिवस मिळून बनलेली सरासरी आहे. आकडे बघायच्या आधी तो लागू होतो. बघितल्यावर त्या आकड्यांतच कधी कधी सांगितलेलं असतं की आजचा दिवस कोणता.

हिशेबनीसांनी चार शक्यता स्वतः कागदावर मांडून बघितल्या. मग म्हणाले, “म्हणजे आपला कागद शंभरवाला की पन्नासवाला, ते आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.”

इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. ऊसखेपांच्या गणितात असा उघड इशारा बहुतेक वेळा दिसत नाही, म्हणून पद्धतीचे 95 निकालाला चिकटवण्याचा मोह होतो आणि बऱ्याचदा त्यातून अनर्थही होत नाही. पण बाहेरची माहिती आली की चिकटवलेलं लेबल उचकटतं. समजा वजनमापे खात्यानं त्याच आठवड्यात प्रमाण वजनं ठेवून कारखान्याचा काटा तपासला असता आणि तो वीस किलोच्या आत बरोबर निघाला असता. मग ‘काट्यामुळं तूट 63 ते 207 मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के’ हे वाक्य कुणी तोंडावर तरी म्हटलं असतं का? अंतराल तोच राहिला असता. 63 ते 207 ला ती तपासणी माहीत नाही. त्याला फक्त सोळा आकडे माहीत आहेत.

एकाच निकालाबद्दल शक्यता सांगायचीच असेल तर वाट आहे, पण ती दुसरी. त्यात मोजणीच्या आधी आपल्याला काय वाटत होतं, ते उघडपणे आकड्यांत मांडावं लागतं आणि मग मोजणीनं ते बदलावं लागतं. ही बेझची पद्धत. तिचा अंतराल मात्र खरोखर ‘इतकी शक्यता’ असं बोलतो. देवळातल्या बैठकीत आधी काय वाटत होतं यावर एकमत व्हायला रात्र गेली असती, म्हणून तो रस्ता धरला नाही.

शेवटी पत्रात गेलं ते असं: ‘16 खेपांत सरासरी तूट 135 किलो आढळली. ज्या पद्धतीनं काढलेले अंतराल दीर्घकाळात शंभरात सुमारे 95 वेळा खऱ्या सरासरीला सामावून घेतात, त्या पद्धतीनं आमच्या आकड्यांवरून 63 ते 207 किलो हा अंतराल येतो. सरासरी तूट शून्य आहे, या म्हणण्याशी हे आकडे जुळत नाहीत.’ वाक्य लांबलं. तात्या म्हणाले, वकिलानं लिहिल्यागत वाटतंय.

95 मध्ये न मावणारं

पत्र गेलं, आणि चार दिवसांनी कारखान्याचे शेती अधिकारी स्वतःच गावात आले. माणूस सभ्य होता. त्यांनी एकच विचारलं, “भरल्या ट्रॉलीचं बाहेरचं वजन आणि आमच्या काट्यावरचं वजन, यात किती तास गेले होते?”

सुदैवानं दोन्ही पावत्यांवर वेळ छापलेली होती. आम्ही ती बघितलीच नव्हती. यार्डात नंबर लागतो, काही ट्रॉल्या दोन-तीन तासांत काट्यावर चढतात, काही रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभ्या असतात. तोडलेला ऊस उन्हावाऱ्यात उभा राहिला की पाणी सोडतो, हलका होतो. हे शेतकऱ्याला सांगायला अधिकारी लागत नाही, तरी कागद करताना कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

वेळेप्रमाणे 16 खेपांचे दोन भाग केले तर आठ लवकर तोललेल्या निघाल्या, आठ उशिरा. लवकरच्या आठांची सरासरी तूट 29 किलो, अंतराल उणे 36 ते 94. उशिराच्या आठांची सरासरी 241, अंतराल 169 ते 313. दोन वेगळ्या गोष्टींची भेळ करून आम्ही 135 काढलं होतं. तात्यांची ट्रॉली उशिराच्या आठांत होती, हे सांगायला नकोच.

इथं शेती अधिकाऱ्यांनी तिसरी चूक केली, पहिल्या दोन चुकांचीच धाकटी बहीण. “बघा, उणे 36 ते 94 मध्ये शून्य येतं. म्हणजे काटा बरोबर हे सिद्ध झालं.” नाही झालं. त्या अंतरालात शून्य आहे तसं 80 पण आहे. या आठ खेपा शून्य तुटीशी जुळतात आणि खेपेमागं 80 किलोच्या तुटीशीही जुळतात. आठ खेपांना या दोहोंत निवाडा करायचं बळ नाही, इतकंच त्यातून कळतं.

याहून मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळी होती. 95 टक्के हा आकडा फक्त एका प्रकारच्या चुकीचा हिशेब देतो: योगायोगानं वेगळ्याच खेपा हाती लागणं. खेपा कशा निवडल्या, हे तो विचारत नाही. आमच्या सोळा खेपा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या. जे तयार झाले त्यांच्या होत्या, आणि तयार झाले ते ज्यांना आधीपासून संशय होता ते. रात्रभर ताटकळलेला माणूस दोनदा तोलायला चटकन तयार होतो. ड्रायव्हर एकदा ट्रॅक्टरवर आणि एकदा खाली असेल तर साठ-सत्तर किलो इकडचे तिकडं. बाहेरचा काटाच जड भाराला 30 किलो जास्त दाखवत असेल तर प्रत्येक फरकात ते 30 शिरणार. अशा चुका एकाच दिशेनं ढकलतात. 1600 खेपा मोजल्या असत्या तर अंतराल चिंचोळा होऊन चुकीच्या जागी अधिक ऐटीत बसला असता.

हे आपल्याकडं फार आधी दाखवून दिलेलं आहे, आणि ते दाखवणारा माणूस साताऱ्याकडचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ज्या नेमनकडं ते शिकले तो हाच, विश्वास अंतरालवाला. परत आल्यावर ते पीक कापणी प्रयोगांच्या कामात पडले. उत्पन्नाचा अंदाज काढायला शेतात छोटे तुकडे आखून कापायची पद्धत होती. तुकडा जितका लहान, तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानानं जास्त, आणि कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर या प्रश्नावर कापणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. परिणामी लहान तुकड्यांवरून काढलेलं उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येतं. असे तुकडे हजारांनी कापले तरी ही वाढ जात नाही. सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात हे आकड्यांनिशी मांडलं.

आमच्या कडेवरची ताटं म्हणजे यार्डातले तास. ते निस्तरायचे तर न सुकणारं काहीतरी दोन्ही काट्यांवर तोलायला हवं. रिकाम्या ट्रॉलीची वजनं आमच्याकडे होतीच आणि दोन्ही काट्यांवर ती दहा-वीस किलोंच्या फरकानं जुळत होती. हा चांगला पुरावा, पण अर्धा, कारण हलक्या भाराला बरोबर दाखवणारा काटा जड भाराला बरोबर दाखवेलच असं नाही. मी सुचवलं की ट्रॉलीत ओली नसलेली खडी भरून एकामागून एक दोन्हीकडे तोलू. शेती अधिकारी ‘वर विचारून सांगतो’ म्हणाले. पुढं हंगाम आटोपला, गव्हाण बंद झाली आणि खडीची ट्रॉली भरायची राहून गेली.

वाद मात्र सरकला. बैठकीत आता काट्यापेक्षा नंबरवर जास्त बोलणं होतं: ऊस उभा राहून जे पाणी आटतं त्याचा तोटा कुणी सोसायचा? 241 किलोंच्या त्या सरासरीचा मोठा भाग काट्याचा नसून रांगेचा असेल, तर भांडायचं ते टोकन देणाऱ्याशी. तरी दोन्ही भागांत आठ-आठच खेपा आहेत, आणि भाग पाडला तो आकडे बघून झाल्यावर. म्हणून नव्या खेपांवर तो पुन्हा तपासायला हवा. पुढच्या गाळपाला चिठ्ठ्या टाकून खेपा निवडायच्या, दोन्ही पावत्यांच्या मागं वेळ आणि ड्रायव्हर वर की खाली हे लिहायचं, असं गटाच्या वहीत नोंदवलं आहे.

तात्यांनी वहीवर सही करायच्या आधी विचारलं, “आणि माजं चारशे?”

तुमची ट्रॉली एकवीस तास उभी होती, तात्या. ते चारशे कशात गेले, हे या सोळा आकड्यांतून कुणालाच सांगता येणार नाही.